निपाणीच्या कापडदुकानातला सर्वे: २७ लाख ९२ हजारांचा फरक आणि रात्रीचा जबाब

हे प्रकरण मी कर सल्लागार म्हणून हाताळलेलं आहे. दुकानदाराची ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील आणि आकडे बदललेत, पण हिशेबाची वाट तीच आहे. दुकान निपाणीच्या बाजारपेठेतलं, साड्या आणि लग्नाच्या बस्त्याचं. मालकांचं वय पासष्टच्या पुढे, बाजारात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत. गिऱ्हाईक अर्धं इकडचं, अर्धं कागल-गडहिंग्लजकडचं. माल इचलकरंजीचा, थोडा सुरतेचा.

१५ फेब्रुवारी २०२४, गुरुवार. दुकान उघडून तासभर झाला होता. सव्वाअकराच्या सुमारास पाच जण आत आले. पुढच्या साहेबांनी ओळखपत्र दाखवलं आणि सांगितलं, "इन्कम टॅक्स. सर्वे आहे." अण्णांच्या थोरल्या मुलाने मला फोन लावला तेव्हा त्याचा आवाज कापत होता. "साहेब, धाड पडलीया."

मी त्याला पहिलं काम हेच सांगितलं की अधिकारपत्र वाचून दाखव, त्यावर कलम कोणतं लिहिलंय बघ. कारण धाड वेगळी आणि सर्वे वेगळा. आयकर कायदा १९६१ च्या कलम १३२ खाली येते ती झडती. तिच्यात कुलूप तोडता येतं, रोकड आणि दागिने जप्त करता येतात. कलम १३३ए खाली येतो तो सर्वे. त्यात अधिकारी चोपड्या पाहतात, रोकड आणि माल मोजतात, माहिती विचारतात. पण रोकड, माल किंवा कुठलीही मौल्यवान वस्तू दुकानाबाहेर नेता येत नाही, आणि हे कायद्याने स्पष्ट शब्दांत लिहून ठेवलंय. जीएसटीवाले आले असते तर कागद तिसराच असता. त्यांच्या तपासणीच्या कलम ६७ मध्ये माल अडकवून ठेवण्याची तरतूद आहे. दारात उभा असलेला माणूस कोणत्या खात्याचा आणि कोणत्या कलमाखाली आलाय, एवढं कळल्यावरच आपला हक्क काय आणि काम काय ते ठरतं.

मुलाने वाचून दाखवलं: १३३ए. दुकानाचं नाव, पत्ता, पथकातल्या माणसांची नावं, वरिष्ठांच्या मंजुरीचा उल्लेख, खात्याच्या पत्रावर असतो तो डीआयएन क्रमांक, सगळं जागच्या जागी होतं. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय सर्वे करता येत नाही, म्हणून हा कागद शांतपणे वाचायला मागणं म्हणजे उद्धटपणा नाही. मी मुलाला म्हणालो, त्याचा उतारा करून घे, त्यांना बसायला खुर्च्या दे, आणि गल्ल्याची किल्ली तुझ्याजवळच ठेव पण मागतील तेव्हा उघडून दे.

तासाभरात मी दुकानात पोहोचलो. सर्वेच्या वेळी कर सल्लागार हजर राहण्याचा हक्क त्या कलमात लिहिलेला नाही, आणि त्याला मनाईही नाही. मी पथकप्रमुखांना नमस्कार केला आणि विचारलं, मी बाजूला बसलो तर चालेल का. ते म्हणाले, बसा, पण उत्तरं मालकच देतील. हे योग्यच होतं. ते साहेब सभ्य होते, दिवसभरात एकदाही आवाज चढला नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण यापुढे जे घडलं ते कुणाच्या दांडगाईमुळे घडलं नाही. ते मोजणीतल्या एका रकान्यामुळे घडलं.

रोकडीचं आधी उरकलं. गल्ल्यात आणि तिजोरीत मिळून २,८६,४०० रुपये निघाले. रोजकिर्दीत आदल्या रात्रीची शिल्लक २,६१,००० आणि त्या दिवशीची सकाळची बिलं १८,९००. राहिले ६,५००. ते अण्णांच्या स्वतःच्या पाकिटातले, त्यांनी आपणहून काढून टेबलावर ठेवलेले. अंगझडती घेण्याचा अधिकार सर्वेत नसतो, त्यामुळे ते ठेवायची गरज नव्हती. तसं नोंदवून घेतलं आणि तो विषय संपला.

मग माल. दोन मजले, भिंतभर कपाटं, वर पोटमाळा. दोन निरीक्षक मोजायचे, दिवाणजी घड्या उलगडून दाखवायचे आणि एक जण लॅपटॉपवर लिहायचा. मी तीनच्या सुमारास त्या यादीकडे पाहिलं. वस्तू, नग, दर, रक्कम असे चार रकाने होते. दराच्या रकान्यात चिठ्ठीवरचा ठळक आकडा जात होता. म्हणजे गिऱ्हाइकाला सांगायची किंमत.

कापडदुकानातली चिठ्ठी जवळून पाहिली नसेल तर हे कळणार नाही. साडीच्या घडीला दोऱ्याने एक छोटा पुठ्ठा अडकवलेला असतो. त्यावर मोठ्या अक्षरात २१०० असं लिहिलेलं असतं, आणि खाली कोपऱ्यात पेन्सिलीने तीन-चार अक्षरं. ती अक्षरं म्हणजे खरेदीचा दर. दुकानाचा एक दहा अक्षरी शब्द ठरलेला असतो, एकाही अक्षराची पुनरावृत्ती नसलेला, आणि प्रत्येक अक्षर एकेका अंकाचं. नोकराला गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना कुठपर्यंत खाली यायचं ते त्या अक्षरांवरून कळतं. २१०० च्या त्या साडीची खरेदी होती १,४८०.

चोपडीतला शिल्लक माल खरेदीच्या दराने असतो. मोजलेला माल विक्रीच्या दराने धरला, तर फरक निघणारच, तोही लाखांत. आणि चिठ्ठीच्या आकड्यात नफा असतो, पाच टक्के जीएसटी असतो, वर घासाघिशीसाठी ठेवलेली जागा असते. मी साहेबांना हे दाखवलं. त्यांनी एक पुठ्ठा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "कोड क्या है?" अण्णा गप्प. चाळीस वर्षं तो शब्द त्यांनी मुलांशिवाय कुणाला सांगितला नव्हता. मी म्हणालो, "अण्णा, हा शब्द आज सांगायलाच लागतोय." माहिती मागितली की द्यायची, हे दुकानदाराचं कर्तव्य आहे, आणि इथे तर ती त्यांच्याच फायद्याची होती. अण्णांनी कागदावर लिहून दिला. त्या क्षणापासून यादीत पाचवा रकाना आला: चिठ्ठीवरची अक्षरं. तोपर्यंत मोजून झालेला खालचा मजला राहिला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी परत पाहायचं ठरलं.

यादीवर सही करण्याआधी दर कोणता धरलाय हे पाहून घ्या. खरेदीचा नसेल तर सही नाकारू नका, सहीच्या वर मराठीत लिहा की "दर चिठ्ठीचे विक्रीचे आहेत, खरेदीचे नाहीत". एवढी एक ओळ पुढे फार कामाला येते.

साडेसहा वाजले. दिवे लागले होते. जबाब लिहायला सुरुवात झाली होती आणि साहेबांनी सहज विचारावं तसं विचारलं, बाकीची कागदपत्रं कुठे आहेत? अण्णा बोलून गेले, "जुनी चोपडी आणि जांगडीच्या पावत्या घरात हाईत की."

राहत्या घरात सर्वे होत नाही, असा समज बाजारात पक्का आहे. तो अर्धाच खरा आहे. चोपड्या किंवा माल अमुक ठिकाणी ठेवलाय असं दुकानदाराने स्वतः सांगितलं, की ती जागाही कायद्याच्या दृष्टीने धंद्याची जागा होते. अण्णांच्या एका वाक्याने घराचं दार उघडलं होतं. मात्र खोटं बोलून ते बंद करायचं नसतं. कागद खरोखर घरी होते, आणि आम्हाला त्यांची गरज साहेबांपेक्षा जास्त होती. अडचण वेळेची होती. दुकानात शिरायचं ते दुकान उघडं असण्याच्या वेळेत. एकदा शिरल्यावर काम रात्री उशिरापर्यंत चाललं तरी त्याला हरकत घेता येत नाही. पण दुकानाशिवायच्या अशा दुसऱ्या जागेत शिरायचं तर सूर्योदयानंतर आणि सूर्यास्तापूर्वीच. मी साहेबांना एवढंच म्हणालो, "साहेब, दिवस मावळलाय. सकाळी सात वाजता मुलगा तुमच्या माणसाला घरी घेऊन जाईल, नाहीतर पावत्या इथे आणून देईल." त्यांनी मान डोलावली आणि जबाबात तसं लिहून घेतलं.

आता जांगडीचं सांगतो, कारण फरकातला एक जाड तुकडा तिथे दडला होता. लग्नसराईच्या आधी इचलकरंजीचा व्यापारी गठ्ठे पाठवतो: खपलं तर बिल, नाही खपलं तर परत. माल दुकानात, पण मालकी त्याची. अण्णांच्या पोटमाळ्यावर असे नऊ गठ्ठे होते, न उघडलेले, चिठ्ठ्या न लावलेले. चलनाप्रमाणे ७,५०,००० रुपयांचे. हा माल खरेदीखाती असायचंच कारण नव्हतं. पण पावती समोर नसेल तर मोजणाऱ्याला तो बेहिशेबी मालच दिसतो, आणि त्यात त्याची चूक नाही. इचलकरंजी महाराष्ट्रात, निपाणी कर्नाटकात. मधे कोगनोळीची हद्द. परराज्यातून ५०,००० रुपयांवरचा माल आला की त्याला ई-वे बिल लागतं, मग ती विक्री असो की जांगड. एरवी या हद्दीपायी आपल्याला किती कागद करावे लागतात म्हणून आपण वैतागतो. त्या दिवशी तोच कागद उपयोगी पडला. जांगडीचं चलन कुणीही मागाहून लिहू शकतं. ई-वे बिलावर मात्र तारीख, वेळ आणि गाडीचा नंबर असतो, आणि तो सरकारच्याच संगणकात नोंदलेला असतो. सगळे गठ्ठे डिसेंबर-जानेवारीत आलेले होते, म्हणजे जांगडीच्या मालाचं बिल करायला जीएसटीत दिलेली सहा महिन्यांची मुदतही टळलेली नव्हती.

पण हे कागद सकाळी येणार होते, आणि जबाब रात्री चालला होता.

रात्री सव्वाअकरा. मोजणी थांबली होती आणि बेरीज पुढ्यात होती. चिठ्ठ्या लावलेला माल ६४,००,०००, गठ्ठे ७,५०,०००, एकूण ७१,५०,०००. चोपडीने शिल्लक किती असायला हवी, ते त्यांनी तिथल्या तिथे काढलं होतं. वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक ३८,४०,००० आणि खरेदी १,१२,६०,०००. विक्री १,३१,००,०००, त्यातून १८ टक्के नफा वजा करून विकलेल्या मालाची खरेदी किंमत १,०७,४२,०००. उरला माल ४३,५८,०००. फरक २७,९२,०००.

सत्ताविसावा प्रश्न लॅपटॉपवर तयार होता. फरक तुम्हाला मान्य आहे का, आणि तो चालू वर्षाचं जादा उत्पन्न म्हणून जाहीर करता का?

अण्णा सकाळपासून नीट जेवले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "मान्य म्हणून टाकू काय साहेब? सुटंल तरी एकदाचं."

बहुतेक नुकसान याच घटकेला होतं. अघोषित गुंतवणूक म्हणून ही रक्कम धरली गेली, तर त्या वर्षीच्या दराने ६० टक्के कर, त्या करावर २५ टक्के अधिभार आणि वर ४ टक्के उपकर, असा ७८ टक्के बोजा. २७,९२,००० वर २१,७७,७६० रुपये. नेहमीच्या धंद्याच्या उत्पन्नासारखे टप्पे नाहीत, खर्चाची वजावट नाही. आणि तेही जो माल अण्णांचा नव्हताच किंवा ज्याचा दरच चुकीचा धरला होता त्यावर.

सर्वेतला जबाब शपथेवरचा नसतो. तो एकटाच उत्पन्न सिद्ध करायला पुरेसा नाही, हे मद्रास उच्च न्यायालयाने एस. खादर खान सन प्रकरणात ठरवलं आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. सर्वेत कबुलीजबाब मिळवण्याच्या मागे लागू नये, पुरावा गोळा करावा, असं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १० मार्च २००३ च्या पत्रात आपल्या अधिकाऱ्यांना सांगितलंय. पण यावर भिस्त ठेवून "आता सही करतो, मागाहून फिरवतो" असं करणं मला कधीच पटलेलं नाही. एकदा मान्य लिहिलं की ते चूक होतं हे पुराव्यानिशी दाखवायचं ओझं आपल्या डोक्यावर येतं, आणि जितके दिवस जातील तितकं ते जड होत जातं.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. उत्तरच देणार नाही, सहीच करणार नाही, असा पवित्रा घेतला तर प्रत्येक कसुरीला दहा हजारांचा दंड होऊ शकतो. शिवाय टाळाटाळ दिसली की त्या अधिकाऱ्याला समन्स काढून शपथेवर जबाब घेण्याचे अधिकार मिळतात. म्हणजे आपण हलका जबाब जड करून घेतो. खोटं उत्तर तर त्याहून वाईट.

या दोन्हींच्या मधे एक तिसरं उत्तर असतं, आणि ते खरं असेल तर पूर्ण कायदेशीर असतं. अण्णांनी मराठीत सांगितलं, साहेबांनी इंग्रजीत लिहिलं, मी वाचून मराठीत परत समजावलं. मजकूर असा होता: मालाची रक्कम चिठ्ठीच्या विक्री किमतीने काढली आहे, खरेदीचे दर चिठ्ठीवर अक्षरांत आहेत आणि त्यांची उकल मी दिली आहे. नऊ गठ्ठे जांगडीचे आहेत, त्यांच्या पावत्या उद्या हजर करतो. त्यानंतर ताळेबंद जुळवून दहा दिवसांत लेखी देतो. आज हा फरक मला मान्य नाही.

भाषेचा मुद्दा आपल्या भागात मोठा आहे. साहेब हिंदी-इंग्रजीवाले, निरीक्षक कन्नड, दुकानदार मराठी. लिहिला जातो तो कागद इंग्रजी. अशा वेळी प्रत्येक प्रश्न मराठीत समजावून मागायला संकोच करू नका. अण्णांनी शेवटी स्वतःच्या हाताने लिहिलं: "वरील जबाब मला मराठीत वाचून सांगितला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे." मग प्रत्येक पानावर सही आणि शेवटी वेळ, रात्रीचे १२ वाजून १० मिनिटं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा पावत्या घेऊन आला, सोबत ई-वे बिलाच्या प्रती. खालचा मजला अक्षरांप्रमाणे पुन्हा पाहून झाला. दुपारी एकच गोष्ट पथकाने ताब्यात घेतली, अण्णांची कच्ची वही. चोपड्या आणि कागदपत्रं कारण नोंदवून ताब्यात घेता येतात, मात्र सुट्या वगळून १५ दिवसांपेक्षा जास्त ठेवायची तर वरिष्ठांची मंजुरी लागते. संगणकातल्या नोंदीही कागदपत्रांतच मोडतात. जानेवारीचं जीएसटीचं विवरणपत्र, जीएसटीआर-३बी, २० तारखेला भरायचं होतं, म्हणून मी विनंती केली की संगणक न उचलता त्याची नक्कल घ्या. त्यांनी मानलं. कच्च्या वहीच्या पानांना नंबर घालून, प्रत्येक पानाचा फोटो काढून आणि ताबा आदेशाची प्रत घेऊनच ती त्यांच्या हवाली केली. सर्वेत सापडलेला कागद दुकानदाराचाच आणि त्यातला मजकूर खरा, असं कायदा आधी गृहीत धरतो, उलट पुरावा आपण द्यायचा असतो. त्या वहीत "भिशी २०" अशा ओळी होत्या. वीस म्हणजे वीस हजार, आणि ते अण्णांच्या बायकोच्या भिशीचे. हे सांगायला वही आपल्यासमोर असावी लागते.

आम्ही २६ फेब्रुवारीला लेखी खुलासा दिला. चिठ्ठ्यांचा माल अक्षरांवरून खरेदीच्या दराने ४५,१०,००० भरला. उकल खरी आहे हे दाखवायला चाळीस चिठ्ठ्या आणि त्यांची चाळीस खरेदी बिलं शेजारी शेजारी लावली. जांगडीचे ७,५०,००० बाजूला निघाले, इचलकरंजीच्या व्यापाऱ्याचं खातेउताऱ्यासह पत्र जोडलं. चोपडीच्या ४३,५८,००० शी तुलना केली तर फरक उरला १,५२,०००. त्यातलं ९६,००० चं एक बिल दोन दिवस आधी आलेलं, दिवाणजींच्या टेबलाच्या खणात पडलेलं, चोपडीत चढवायचं राहिलेलं. माल मात्र कपाटात लागलेला. त्यालाही ई-वे बिल होतं म्हणून निभावलं.

उरले ५६,०००. त्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. बहुधा बिलाशिवाय झालेली थोडी खरेदी. मी अण्णांना म्हणालो, याला कारण शोधत बसायचं नाही. नव्या सबबी जोडल्या तर आधीच्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वास उडतो. ती रक्कम त्या वर्षाच्या विवरणपत्रात धंद्याचं उत्पन्न म्हणून दाखवली. धंद्याच्या मालातच मिसळलेला जादा साठा धंद्याचं उत्पन्न धरावा, असं राजस्थान उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बजरगन ट्रेडर्स प्रकरणात म्हटलंय. अर्थात सगळीकडे हे मत चालेलच असं नाही. सर्वे झालेलं प्रकरण सहसा छाननीला घेतलं जातं, तसं हेही घेतलं. जून २०२५ मध्ये नोटीस आली, तेच कागद परत पाठवले आणि विवरणपत्रातलं उत्पन्न मान्य झालं.

१ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा लागू झालाय. कलमांचे आकडे बदललेत, त्यामुळे यापुढे अधिकारपत्रावर १३३ए दिसणार नाही. सर्वेचा अधिकार मात्र नव्या कायद्यातही आहे.

अण्णांच्या पोटमाळ्यावर आता जांगडीच्या प्रत्येक गठ्ठ्याला लाल दोरा असतो, आणि त्याच दोऱ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत चलन आणि ई-वे बिल. जांगडीचा एकही कागद आता घरी जात नाही. दिवाणजींचा तो खण संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी रोज रिकामा होतो, आणि दहा अक्षरांचा शब्द त्यांनी बदललाय.